चाळीस अंकी ठसा आणि बत्तीस अंकी संशय

सर्व्हर चालू असतो, वेबसाइट लोकांना दिसत असते, बिल तर दर महिन्याला न चुकता येत असतं; फक्त त्या सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली नेमकी कोणती, हे कंपनीत कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नसतं. किल्ली म्हणजे मजकुराची एक छोटीशी फाइल. ती डाउनलोड्समध्ये सापडते, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवर सापडते, नोकरी सोडून गेलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी घाईघाईने पाठवलेल्या ईमेलमध्ये सापडते, आणि तिच्या आवृत्त्यांना `prod.pem`, `prod-new.pem`, `prod-new-khara.pem` अशी वाढत्या आशेने नावं दिलेली असतात. अशा वेळी एखादा जाणता माणूस सुचवतो, की अहो, क्लाउडच्या कन्सोलवर प्रत्येक किल्लीचा फिंगरप्रिंट दिलेला असतो, फाइलचा ठसा काढा आणि ताडून बघा. सल्ला अगदी योग्य. ठसा काढला जातो, ताडला जातो, जुळत नाही. दुसरी फाइल घेतात, तीही जुळत नाही. तिसरी, जी नावानेच खरी आहे, तीही नाही. मग तिन्ही फाइली खोट्या ठरतात, मीटिंग बोलावली जाते, आणि चालू सर्व्हर बंद करून नव्या किल्लीने नवा उभा करायचा ठराव होतो. माझं म्हणणं इतकंच, की हा ठराव बहुतेक वेळा एका निरपराध फाइलवर अन्याय करून झालेला असतो. ठसा जुळला, तर तो भक्कम पुरावा आहे. पण जुळला नाही, तर ठसा नक्की कशाचा घेतला होता हे विचारेपर्यंत त्या 'नाही'ला काडीचीही किंमत नाही.

आधी एका वेगळ्याच घबराटीचा निकाल लावू. पुष्कळ लोकांना वाटतं, की किल्लीची जोडी म्हणजे दोन स्वतंत्र फाइली, एक प्रायव्हेट आणि एक पब्लिक, आणि पब्लिकवाली हरवली की जोडी मोडली. तसं काही नसतं. आरएसए पद्धतीच्या प्रायव्हेट कीच्या फाइलमध्ये आवृत्तीचा एक आकडा सोडला तर आठ संख्या ओळीने ठेवलेल्या असतात. पहिली एक अवाढव्य संख्या, जी दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असते. दुसरी छोटी, जवळजवळ नेहमी ६५५३७. मग खरं गुपित, मग त्या दोन मूळ संख्या, आणि शेवटी हिशेब झटपट व्हावा म्हणून आधीच करून ठेवलेल्या तीन बाकी. यातल्या पहिल्या दोन संख्या म्हणजेच पब्लिक की. ती प्रायव्हेट कीमधून 'शोधून' काढायची नसते, ती पहिल्याच बाकावर बसलेली असते. एडवर्ड्स वक्रावर चालणाऱ्या नव्या ईडी२५५१९ किल्लीत खरं गुपित ३२ बाइटचं असतं आणि पब्लिक की त्यावरून गणिताने काढता येते. पण तिथेही फाइल लिहिणारा प्रोग्राम ती सोयीसाठी आतच लिहून ठेवतो. उलट दिशेला मात्र वाट नाही. आरएसएमध्ये पब्लिक कीवरून प्रायव्हेट मिळवायची तर त्या गुणाकाराचे दोन अवयव पाडावे लागतात. २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीत ६१७ अंकी भरते, आणि या जातीच्या आव्हान-संख्यांपैकी २०२० साली फोडलेली मोठी संख्या २५० अंकी होती. तेव्हा `.pub` फाइल हरवली म्हणून हळहळणाऱ्याला एकच ओळ सांगावी:

```
chmod 400 prod.pem
ssh-keygen -y -f prod.pem
```

दोन ओळी झाल्या, पण पहिली सांगितली नाही तर दुसरी चालत नाही. फाइल इतरांना वाचता येत असेल तर `ssh-keygen` चौकटीत ओरडून इशारा देतं आणि किल्ली वापरायला साफ नकार देतं. ज्या फाइलीने ईमेलमधून अर्ध्या कंपनीचा दौरा केला आहे, तिच्या शीलाची इतकी काळजी आता कशाला, असा प्रश्न मनात येतो. पण प्रोग्रामला इतिहास ठाऊक नसतो, तो समोरच्या परवानग्या बघतो. परवानग्या आवळल्या की `ssh-rsa` या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ पडद्यावर येते. हीच पब्लिक की.

इथे एक जण हमखास असा निघतो, जो ही ओळ जुन्या एखाद्या नोंदीशेजारी ठेवतो, सुरुवातीची दहा-पंधरा अक्षरं मोठ्याने वाचतो आणि 'जुळली!' म्हणून जाहीर करतो. त्याचा आनंद हिरावून घ्यायचं जिवावर येतं, पण `AAAAB3NzaC1yc2E` ही अक्षरं जगातल्या प्रत्येक आरएसए किल्लीच्या सुरुवातीला असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की 'पुढे सात अक्षरांचा शब्द आहे आणि तो ssh-rsa आहे'. त्यापुढे ६५५३७ ही ठरलेली संख्या, त्यापुढे मोठ्या संख्येची लांबी. २०४८ बिटांच्या किल्ल्यांत ही लांबीही सगळ्यांची सारखीच. एकूण पहिली तीस अक्षरं तंतोतंत तीच. एकतिसावं अक्षर फक्त दोनांपैकी एक असू शकतं, `C` किंवा `D`. म्हणजे जो माणूस चिकाटीने एकतीस अक्षरं ताडतो, त्याला नाणेफेकीइतकी माहिती मिळते. आणि जो शेवटून ताडतो त्याची फसगत उलट बाजूने होते. ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडून किल्लीचं नाव किंवा `user@laptop` असं काहीतरी लिहिलेलं असतं; ती निव्वळ टिप्पणी, किल्लीचा भाग नव्हे, आणि `-y` ने काढलेल्या ओळीत ती बहुधा नसतेच. पहिला सगळ्या किल्ल्या एकच मानतो, दुसरा एकाच किल्लीच्या दोन करतो. ठसे काढायची पद्धत पडली ती अशा लोकांमुळेच.

आता ठसा. नाव ऐकून वाटतं, की हा किल्लीच्या अंगावरच असणार, जन्मखुणेसारखा, एकदाचा आणि कायमचा. प्रत्यक्षात ठसा किल्लीचा नसतोच. तो बाइटच्या एका ओळीचा असतो. किल्लीतल्या संख्या कुठल्यातरी ठरलेल्या साच्यात ओळीने मांडायच्या आणि ती मांडणी हॅशच्या चरकातून काढायची, की जो छोटा आकडा बाहेर पडतो तो ठसा. संख्या त्याच असल्या तरी साचा बदलला की बाइट बदलतात, आणि एक बाइट बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. हॅशची सगळी कर्तबगारी त्यातच आहे. शाखेतला कारकून ज्या पद्धतीने सही ताडतो तसाच हा प्रकार. खातेदार पंचवीस वर्षांचा ओळखीचा, समोर उभा, चहा घेऊन झालेला. पण नमुना कार्डावर सही मराठीत आणि चेकवर इंग्रजीत, म्हणून 'सही जुळत नाही'. कारकून खोटं बोलत नाही. त्याने दोन सह्या ताडल्या, त्या वेगळ्याच होत्या. चूक होते ती त्यावरून 'माणूस दुसरा आहे' असा निष्कर्ष काढणाऱ्याची.

आणि इथे नमुना कार्डं एक-दोन नव्हेत. एकाच आरएसए किल्लीचे निदान चार ठसे रोजच्या वापरात आहेत. ओपनएसएसएच ज्या साच्यात पब्लिक की पाठवतं, त्या साच्याचा शा-२५६ ठसा, जो `SHA256:` असं आडनाव लावून अक्षरांच्या रूपात येतो; गिटहब दाखवतो तो हाच. त्याच साच्याचा जुना एमडी-५ ठसा, दोन-दोन अंकांच्या सोळा जोड्यांचा; २०१५ साली आलेल्या ओपनएसएसएच ६.८ पर्यंत हाच मूळचा होता. तिसरा आणि चौथा ठसा ॲमेझॉनच्या ईसी-टू कन्सोलवर भेटतात, आणि सगळं रामायण घडतं ते तिथे. या लेखाचा बाकीचा भाग त्याच कन्सोलबद्दल आहे, कारण बाकीच्यांशी वाद घालायला इतकं कारण नाही.

ॲमेझॉनचा नियम त्यांच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेला आहे; वाचणारा माणूस मात्र तिथे भांडण झाल्यावरच पोचतो. आरएसए किल्ली तुम्ही ॲमेझॉनकडूनच बनवून घेतली असेल, तर कन्सोल जो ठसा दाखवतं तो प्रायव्हेट कीचा असतो. प्रायव्हेट की पीकेसीएस-८ नावाच्या साच्यात, डीईआर या बायनरी रूपात मांडायची आणि त्याचा शा-१ घ्यायचा. वीस जोड्या, म्हणजे चाळीस अंक. पण किल्ली तुम्ही घरी बनवून फक्त पब्लिक की तिकडे चढवली असेल, म्हणजे इम्पोर्ट केली असेल, तर ठसा पब्लिक कीचा असतो, तोही एमडी-५. सोळा जोड्या, बत्तीस अंक. स्तंभ तोच, शीर्षक तेच, 'फिंगरप्रिंट'. खाली कधी गुपिताचा ठसा, कधी जाहीर भागाचा. कोणता, हे कन्सोल बोलून सांगत नाही, पण लांबी सांगते. म्हणून पहिलं काम कमांड चालवायचं नाही, जोड्या मोजायचं. वीस असतील तर:

```
openssl pkcs8 -in prod.pem -topk8 -nocrypt -outform DER | openssl sha1 -c
```

आणि सोळा असतील तर:

```
openssl rsa -in prod.pem -pubout -outform DER | openssl md5 -c
```

यावरून मघाच्या तीन फाइलींचं काय झालं असेल ते दिसू लागतं. जाणत्या माणसाने सांगितलं 'ठसा काढा', आणि सगळ्यांनी सवयीने `ssh-keygen -l` चालवलं. त्याने `SHA256:` ने सुरू होणारा अक्षरांचा पुंजका दिला. कन्सोलवर अंकांच्या वीस जोड्या. इतका ढळढळीत फरक पाहून निदान काहीतरी चुकतंय हे कळतं, आणि हा त्यातल्या त्यात सुखाचा प्रकार. खरा दगाबाज तो पुढचा. कोणीतरी सुचवतो, की जुन्या पद्धतीचा ठसा काढू, आणि `ssh-keygen -E md5 -lf` चालवतो. आता सोळा जोड्या येतात. कन्सोलवरची किल्ली इम्पोर्ट केलेली असेल तर तिथेही सोळाच जोड्या. दोन्हीकडे एमडी-५, दोन्हीकडे पब्लिक की, लांबी तीच, मधली टिंबं तीच, आणि आकडे साफ वेगळे. कारण ओपनएसएसएच आपल्या साच्यात आधी `ssh-rsa` हा शब्द, मग छोटी संख्या, मग मोठी असा क्रम लावतं. ॲमेझॉन प्रमाणपत्रांच्या दुनियेतला डीईआर साचा घेतं, त्यात आधी पद्धतीचा सांकेतिक क्रमांक, मग मोठी संख्या आणि मग छोटी. एकाच घरातली माणसं वेगळ्या रांगेत उभी केली, एवढाच फरक. पण दोन ठसे इतके एका जातीचे दिसतात, की ते न जुळल्यावर फाइल खोटी आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरत नाही. अशा वेळी `sha1sum prod.pem` करणारेही भेटतात. त्यांनी किल्लीचा नव्हे, फाइलच्या मजकुराचा ठसा घेतलेला असतो, `BEGIN` च्या डॅशसकट आणि शेवटच्या रिकाम्या ओळीसकट. एडिटरने एक ओळ वाढवली की तोही बदलतो.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर असा प्रसंग घ्या. कंपनीने मुंबई विभागात, म्हणजे `ap-south-1` मध्ये, कन्सोलवरूनच `prod` नावाची आरएसए किल्ली बनवली आणि फाइल उतरवून घेतली. पुढे २०२२ साली हैदराबादचा विभाग सुरू झाला, `ap-south-2`, आणि तिथेही एक सर्व्हर ठेवायचं ठरलं. ईसी-टूमधल्या किल्ल्या विभागापुरत्या असतात. मुंबईची किल्ली हैदराबादला आपोआप दिसत नाही. म्हणून कोणा शहाण्याने योग्य तेच केलं. `ssh-keygen -y` ने पब्लिक की काढली आणि हैदराबादला `prod` याच नावाने इम्पोर्ट केली. आता दोन्ही विभागांत किल्ली एकच, नाव एकच, उघडणारी फाइल एकच. मुंबईच्या कन्सोलवर मात्र वीस जोड्यांचा शा-१ ठसा आणि हैदराबादच्या कन्सोलवर सोळा जोड्यांचा एमडी-५. शहाणा वर्षभरात नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने दोन ठसे शेजारी ठेवले आणि प्रामाणिकपणे नोंद केली, की या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत आणि एक हरवली आहे. हैदराबादची फाइल शोधायला माणसं लागली. ती सापडणार नव्हतीच, कारण ती मुंबईची फाइल होती. वरच्या दोन कमांड एकाच फाइलवर चालवल्या असत्या तर पहिलीचं उत्तर मुंबईशी आणि दुसरीचं हैदराबादशी जुळलं असतं, आणि शोधपथकाला त्याच फाइलीने दोन्हीकडे हजेरी दिली असती. उलटही घडू शकतं, हे विसरू नये. दोन विभागांत `prod` हे नाव एकच असूनही किल्ल्या खरोखर वेगळ्या असू शकतात, कारण नाव विभागापुरतंच एकमेव असावं लागतं. नावावरून एकपणा नाही आणि ठशाच्या रूपावरून वेगळेपणा नाही.

तिसऱ्या, म्हणजे `prod-new-khara.pem` नावाच्या फाइलीवर कदाचित `openssl` आपली कुरबूर सुरू करेल, की ही किल्ली मला वाचताच येत नाही. ती उघडून पहिली ओळ बघावी. `BEGIN RSA PRIVATE KEY` असेल तर ॲमेझॉनने दिलेलं मूळ रूप. `BEGIN OPENSSH PRIVATE KEY` असेल तर कोणीतरी मध्ये तिला पासफ्रेज घातला असावा किंवा काढला असावा. २०१८ च्या ओपनएसएसएच ७.८ पासून `ssh-keygen` फाइल पुन्हा लिहिताना आपल्याच घरचं रूप देतं. आतल्या संख्या त्याच राहतात, पेटी बदलते. फाइलची एक प्रत काढून, त्या प्रतीवर `ssh-keygen -p -m PEM -f` चालवलं की जुनी पेटी परत येते आणि ठसा काढता येतो. प्रतीवर, हे दोनदा सांगायला हवं. ही कमांड दिलेल्या फाइलवरच लिहिते, आणि उरलेली एकमेव किल्ली ही प्रयोग करायची जागा नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप रास्त आहे: हा सगळा घोळ वापरणाऱ्याने का निस्तरायचा, ॲमेझॉनने दोन्हीकडे एकच ठसा का दिला नाही? इम्पोर्टच्या बाबतीत त्यांच्यापुढे पर्याय नसतो. प्रायव्हेट की तुमच्याकडेच राहते, त्यांच्या हाती पब्लिकच येते, ठसा तिचाच घ्यावा लागणार. पण स्वतः बनवलेल्या किल्लीची पब्लिक बाजू त्यांच्याकडे असतेच, सर्व्हरवर तीच तर बसवायची असते. मग तिथेही पब्लिकचाच ठसा दाखवायला काय हरकत होती? मला तरी वापरणाऱ्याच्या बाजूने याचं एकही समर्थन दिसत नाही. उलट तोटा दिसतो. वीस जोड्यांचा ठसा पब्लिक कीवरून काढताच येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे फक्त `.pub` आहे त्याला पडताळणी करायला गुपित हातात घ्यावं लागतं. आणि पुढे २०२१ साली ईडी२५५१९ किल्ल्या स्वीकारताना ॲमेझॉनने हा भेद ठेवला नाही: बनवलेली असो वा आणलेली, ठसा शा-२५६, ओपनएसएसएचच्या पद्धतीचा, `ssh-keygen -l` ने सरळ ताडता येणारा. जुन्या पद्धतीवर याहून बोलका अभिप्राय बाहेरच्या माणसाने देण्याची गरज नाही. मात्र यावरून कन्सोल चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. ते बरोबर उत्तर देतं. प्रश्न सांगत नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा. प्रायव्हेट कीचा हॅश उघड्यावर, तोही शा-१ सारख्या बदनाम पद्धतीने, म्हणजे गुपित फुटलं की! आणि एमडी-५ तर कधीच मोडलं. यात बदनामी खरी आहे, पण गुन्हा वेगळा आहे. २००४ साली एमडी-५ मध्ये आणि २०१७ साली शा-१ मध्ये जे करून दाखवलं गेलं ते हे, की एकच ठसा असलेल्या दोन फाइली मुद्दाम एकत्र घडवता येतात. दोन्ही फाइली घडवणारा एकच. तुमच्या आधीच असलेल्या किल्लीचा ठसा घेऊन त्याला जुळेल अशी दुसरी किल्ली बनवणं हे वेगळं आणि फार अवघड काम आहे, आणि ठशावरून उलटं चालत प्रायव्हेट की गाठणं तर त्याहून वेगळं. ठशावरून पासवर्ड शोधता येतो तो पासवर्ड बहुधा `admin123` असतो म्हणून. अंदाज करत करत ठसे जुळवायचे. शेकडो अंकी मूळ संख्यांचा असा अंदाज कोणी करू लागला तर त्याला निवांत करू द्यावा. आपला प्रश्न 'माझ्या तीन फाइलींतली कोणती' एवढाच आहे, आणि तेवढ्याला हे म्हातारे हॅश पुरेसे आहेत. कोणा अनोळखी माणसाने पाठवलेली किल्ली ओळखायची असेल, तर मात्र शा-२५६ कडेच जावं.

तिसरा आक्षेप कामसू लोकांचा: एवढा पसारा कशाला, सरळ `ssh` करून बघावं, आत गेलो तर किल्ली खरी. ऐकायला बिनतोड, आणि दोन्ही बाजूंनी फसवं. आत जाता आलं नाही तर येणारा संदेश `Permission denied (publickey)` हाच असतो, मग किल्ली चुकीची असो की वापरकर्त्याचं नाव. उबुंटूच्या सर्व्हरवर नाव `ubuntu` लागतं, ॲमेझॉन लिनक्सवर `ec2-user`, डेबियनवर `admin`. खरी किल्ली चुकीच्या नावाने दिली तर तीही खोटीसारखीच परत पाठवली जाते. आणि आत जाता आलं तरी ते त्याच किल्लीने गेलो असं नाही. `-i` ने फाइल दिली तरी `ssh` तुमच्या एजंटमध्ये भरलेल्या इतर किल्ल्याही पुढे करतं, आणि दार त्यातल्या एखादीने उघडलं तरी श्रेय `-i` वाली घेते. हा प्रयोग निर्विवाद करायचा तर असा:

```
ssh -v -o IdentitiesOnly=yes -i prod.pem ubuntu@host
```

`-v` मुळे कोणती किल्ली पुढे केली आणि कोणती स्वीकारली हे तिच्या शा-२५६ ठशासकट छापून येतं. म्हणजे 'ठसे कशाला' म्हणणाऱ्यालाही शेवटी ठसाच वाचावा लागतो. शिवाय सर्व्हर बंद असेल, किंवा त्याचं दार फक्त ऑफिसच्या जाळ्यातून उघडत असेल, तर हा प्रयोग करताच येत नाही. कन्सोलशी ठसा ताडणं तेव्हाही जमतं.

सगळ्यात सोपा मार्ग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण आधी सांगितला असता तर वरचं कोणी वाचलं नसतं. ॲमेझॉनकडून आता पब्लिक कीच परत मागता येते, ठशाची मध्यस्थी नको:

```
aws ec2 describe-key-pairs --key-names prod --include-public-key --region ap-south-1
```

ती ओळ आणि `ssh-keygen -y` ची ओळ शेजारी ठेवावी, शेवटची टिप्पणी सोडून द्यावी, आणि पहिली तीस अक्षरं ओलांडून मधलं ताडावं. किंवा दोन्ही ओळी `ssh-keygen -lf -` ला पाजून दोन सारखे ठसे काढावेत. साचा एक, हॅश एक, मग जे न जुळेल ते खरंच वेगळं.

पण इथेही एका गोष्टीची खात्री मिळत नाही, आणि ती कन्सोलवर कितीही वेळ बघून मिळणार नाही. कन्सोलला ठाऊक असते ती त्याच्या वहीतली किल्ली, सर्व्हरवरची नव्हे. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्या नावाची पब्लिक की त्याच्या `~/.ssh/authorized_keys` मध्ये लिहिली जाते, आणि तिथून पुढे दोघांचा संबंध संपतो. कन्सोलवरून किल्ली पुसली तरी सर्व्हरवरची ओळ तशीच राहते. त्याच नावाने नवी किल्ली बनवली, तर जुना सर्व्हर अजूनही आपलं जन्माच्या वेळचं नाव `prod` असंच सांगतो आणि जुन्याच किल्लीने उघडतो; कन्सोलवर त्या नावापुढे आता नव्या किल्लीचा ठसा असतो. तुमची फाइल कन्सोलशी अचूक जुळते आणि सर्व्हर तिला ओळखत नाही, किंवा कन्सोलशी अजिबात जुळत नाही आणि सर्व्हर तिला हसतमुखाने आत घेतो. म्हणून कुठल्याही वाटेने एकदा आत शिरता आलं, की शेवटचा ठसा तिथे काढावा:

```
ssh-keygen -lf ~/.ssh/authorized_keys
```

ही कमांड त्या फाइलमधल्या प्रत्येक किल्लीचा ठसा एकेका ओळीत देते. एकच ओळ येईल अशी अपेक्षा असते. जुन्या सर्व्हरवर बहुधा चार-पाच येतात: एक `prod`, एक सोडून गेलेल्या शहाण्याच्या लॅपटॉपची, एक कोणे एके काळी दोन आठवड्यांसाठी घेतलेल्या सल्लागाराची, आणि एक, जिच्यापुढे टिप्पणीत फक्त `test` असं लिहिलेलं आहे आणि जी पुसायला कोणी तयार नाही.